निगमन प्रमाणपत्र वाचताना

भोर आणि वेल्हे हे भाताचे, धरणांचे आणि घाटवाटांचे तालुके. इथे कागद म्हटला की सातबारा, फेरफार, आठ-अ आणि खरेदीखत. पण गेल्या काही वर्षांत या दोन तालुक्यांत आणखी एक कागद फिरू लागला आहे. भाताची खरेदी करायला शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहते, तेव्हा सभासदांना तो दाखवला जातो. पानशेतच्या बाजूला प्लॉटिंग करणारे तो फायलीत पहिल्या पानावर लावतात. नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यात शेड भाड्याने मागायला आलेला माणूस मोबाइलवर त्याचा फोटो पुढे करतो. हा कागद म्हणजे कंपनीचं निगमन प्रमाणपत्र, बोलीत ‘इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट’. तो इंग्रजीत असतो, एकाच पानाचा असतो, वर अशोकस्तंभ असतो, आणि बहुतेक जण तो अशोकस्तंभ पाहूनच परत देतात.

कंपन्यांचे कागद वाचायची सवय लावणं हे या पुस्तकाचं काम आहे. ताळेबंद, भागधारकांची यादी, बोजाची नोंद हे सगळं पुढे येईल. सुरुवात या एका पानाने करायची, कारण पुढच्या प्रत्येक कागदावरचा कंपनीचा क्रमांक इथूनच आलेला असतो. वाचकाला कायद्याची पदवी लागत नाही. इंग्रजी मुळाक्षरं आणि आकडे ओळखता आले, की अर्ध्याहून अधिक काम होतं.

आजचं प्रमाणपत्र समोर ठेवा. मथळ्याखाली भारत सरकारच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाचं नाव असतं. मग मुख्य वाक्य येतं: अमुक नावाची कंपनी अमुक दिवशी २०१३ च्या कंपनी कायद्याखाली निगमित झाली असून ती भागांनी मर्यादित आहे. त्याखाली कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन. अलीकडच्या प्रमाणपत्रांवर पॅन आणि टॅनही तिथेच छापलेले असतात. शेवटी डिजिटल सही, एक छोट्या अक्षरांतला खुलासा आणि पत्रव्यवहाराचा पत्ता.

सहीच्या ठिकाणी मानेसर हे नाव दिसलं की पुष्कळांना शंका येते. कंपनी भोरची, मग कागद हरियाणातला कसा? यात खोट काही नाही. २०१६ पासून देशभरातले निगमनाचे अर्ज एका केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासले जाऊ लागले आणि ते केंद्र मानेसरला आहे. तिथला अधिकारी स्थानिक कंपनी निबंधकाच्या वतीने सही करतो. पुणे जिल्ह्यातल्या कंपनीचा निबंधक पुण्याचाच, आणि निगमनानंतरचे तिचे कागदही त्याच्याच अखत्यारीत राहतात.

आता तारीख. या पानावर बहुधा दोन तारखा सापडतात. कंपनी ज्या दिवशी निगमित झाली ती मुख्य वाक्यातली, आणि अधिकाऱ्याने ज्या दिवशी प्रमाणपत्र दिलं ती सहीजवळची. दोन्हींत काही दिवसांचं अंतर असू शकतं. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे कंपनी स्वतंत्र व्यक्ती म्हणून अस्तित्वात येते ती मुख्य वाक्यातल्या तारखेला. ही तारीख बऱ्याचदा अक्षरांत लिहिलेली असते, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याची नजर खाली सहीजवळच्या आकड्यांवर जाते आणि तीच तारीख टिपून घेतली जाते.

या फरकाचं मोल इसार पावतीच्या वेळी कळतं. समजा, वेल्ह्याकडच्या जमिनीची इसार पावती कंपनीच्या नावाने मार्चमध्ये झाली आणि प्रमाणपत्रावर निगमनाची तारीख मेमधली आहे. मार्चमध्ये ती कंपनी नव्हतीच. सही करणारा माणूस होता, पैसे त्याचे होते, पण ज्या नावाने करार झाला त्या नावाची कायदेशीर व्यक्ती जन्मायची होती. असा करार पुढे कंपनीने स्वीकारला तर तो चालतो, त्याला कायद्यात वाट आहे. पण तोवर जबाबदारी कोणाची, हा वाद उभा राहतोच. म्हणून कंपनीच्या नावाचा कोणताही करार हातात आला की आधी त्याची तारीख निगमनाच्या तारखेशी ताडून पाहावी. शेतजमिनीचा प्रश्न तर त्याहून वेगळा आहे. बिगरशेतकऱ्याला, आणि म्हणून सर्वसाधारण कंपनीलाही, ती परवानगीशिवाय घेता येत नाही. ते निगमन प्रमाणपत्रात कुठेही लिहिलेलं नसतं.

या पानाचा गाभा मात्र क्रमांकात आहे. सीआयएन एकवीस अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो सहा तुकड्यांत तोडून वाचायचा. बनावट उदाहरणापेक्षा जिल्ह्यातलीच सगळ्यांना ठाऊक असलेली कंपनी घेऊ. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा क्रमांक असा आहे:

```
L65993PN2007PLC130076

L | 65993 | PN | 2007 | PLC | 130076
```

पहिलं अक्षर L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. नोंदलेली नसेल तर तिथे U येतं. पुढचे पाच आकडे व्यवसायाचे, राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातले. मग दोन अक्षरं राज्याची. महाराष्ट्रासाठी MH असतं, पण पुण्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या कंपन्यांच्या क्रमांकात PN दिसतं. भोर-वेल्ह्यातल्या वाचकाला हीच दोन अक्षरं सर्वांत जास्त वेळा भेटतील. त्यानंतर निगमनाचं वर्ष, मग कंपनीचा वर्ग सांगणारी तीन अक्षरं, आणि शेवटी सहा आकड्यांचा नोंदणी क्रमांक.

इतकं सांगून बहुतेक मार्गदर्शिका थांबतात. मला वाटतं खरं वाचन इथून पुढे सुरू होतं. बजाज ऑटोचं स्कूटरशी जोडलेलं नाव आपल्या आजोबांच्या पिढीपासूनचं, मग वर्ष २००७ कसं? आणि दुचाकी बनवणाऱ्या कंपनीच्या व्यवसायाचा आकडा ६५ ने कसा सुरू होतो? २००४ च्या वर्गीकरणात ६५ हा विभाग वित्तव्यवहाराचा होता.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. जुनी बजाज ऑटो कंपनी १९४५ ची. २००७-०८ मध्ये तिचं विभाजन झालं. त्यासाठी ३० एप्रिल २००७ रोजी दोन नव्या कंपन्या निगमित करण्यात आल्या. त्यांतल्या एकीचं नाव त्या वेळी ‘बजाज इन्व्हेस्टमेंट अँड होल्डिंग’ असं होतं, म्हणून तिच्या क्रमांकात गुंतवणुकीच्या धंद्याचा आकडा पडला. वाहनांचा कारभार नंतर या नव्या कंपनीकडे आला आणि तिला ‘बजाज ऑटो’ हे नाव मिळालं. जुन्या कंपनीने ‘बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट’ हे नाव घेतलं. नावांची अदलाबदल झाली, नोंदणी क्रमांक जागेवर राहिले:

```
L65100PN1945PLC004656   बजाज होल्डिंग्ज (जुनी बजाज ऑटो)
L65993PN2007PLC130076   आजची बजाज ऑटो
L65923PN2007PLC130075   बजाज फिनसर्व्ह
```

तिसरी ओळ पाहा. फिनसर्व्ह ही त्याच दिवशीची दुसरी नवी कंपनी. नोंदवहीत ती बजाज ऑटोच्या लगेच आधी आहे, 130075 आणि 130076. दोघींचा उगम एकाच व्यवहारातून झाला, ही गोष्ट शेवटच्या आकड्यांनी जपून ठेवली आहे. १९९० सालचा एखादा करार ‘बजाज ऑटो’ या नावाने झालेला असेल, तर आज त्यातली कंपनी कोणती, याचं उत्तर नावाने मिळणार नाही. आधी क्रमांक पाहावा लागेल, मग विभाजनाची योजना.

या उदाहरणातून क्रमांकाचे दोन भाग वेगळे काढता येतात. वर्ष आणि नोंदणी क्रमांक हे नाव बदललं, धंदा बदलला, वर्ग बदलला तरी टिकतात. बाकीचे तुकडे बदलू शकतात किंवा शिळे होऊ शकतात. शेअर बाजारात नोंद झाली की U चं L होतं. प्रायव्हेट कंपनी पब्लिक झाली की PTC चं PLC होतं. कचेरी दुसऱ्या राज्यात गेली की राज्याची अक्षरं बदलतात, तिथल्या वहीतला नवा नोंदणी क्रमांक मिळतो आणि नवं प्रमाणपत्र निघतं. व्यवसायाचा आकडा तर सर्वांत कमी भरवशाचा, कारण धंदा बदलला तरी तो जुनाच राहिलेला पुष्कळदा दिसतो. शिवाय वर्गीकरणही मधे बदललं. २००४ च्या यादीत स्थावर मालमत्तेचा विभाग ७० होता, २००८ च्या यादीत तो ६८ झाला. तेव्हा प्लॉटिंगवाल्याच्या क्रमांकात दोन्हींपैकी कोणता आकडा आहे, यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. त्याने स्वतःला शेतीची कंपनी म्हणवलं आणि आकडा ६८ निघाला, तर मात्र एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

नोंदणी क्रमांकाबद्दल एक सावधगिरी. सहा आकडे एका निबंधकाच्या वहीत एकाच कंपनीचे असतात, पण दुसऱ्या राज्याच्या वहीत तेच आकडे दुसऱ्या कंपनीला मिळालेले असू शकतात. म्हणून नुसता 130076 टिपून उपयोग नाही, एकवीसच्या एकवीस अक्षरं लागतात. फोटोवरून उतरवताना शून्य आणि इंग्रजी O यांची गल्लत होते. यावर उपाय सोपा आहे. अक्षर कुठे आणि आकडा कुठे हे ठरलेलं असतं: पहिलं अक्षर, मग पाच आकडे, दोन अक्षरं, चार आकडे, तीन अक्षरं, सहा आकडे. आकड्याच्या जागी अक्षर आलं की उतरवताना चूक झाली हे लगेच समजतं. पण एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा पडला तर क्रमांक वरवर बरोबरच दिसतो, आणि शोधल्यावर भलतीच कंपनी समोर येऊ शकते. अशा वेळी नाव आणि तारीखही जुळतात का, हे पाहणं एवढाच मार्ग उरतो.

पॅन आणि टॅन छापलेले असतील तर त्यांचाही पडताळ्यासाठी उपयोग होतो. कंपनीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर C असतं आणि पाचवं कंपनीच्या नावाचं आद्याक्षर. पुण्याच्या टॅनची सुरुवात PNE ने होते. भोरच्या ‘स’ने सुरू होणाऱ्या कंपनीच्या पॅनचं चौथं अक्षर P निघालं, तर तो पॅन कंपनीचा नसून कोणा व्यक्तीचा आहे.

वर्गाकडे येताना आपल्या तालुक्यांतला सर्वांत जिवंत प्रश्न समोर येतो, शेतकरी उत्पादक कंपनीचा. इंद्रायणी आणि आंबेमोहोराच्या विक्रीसाठी, भातगिरणीसाठी अशा कंपन्या निघतात. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असतं. ‘प्रायव्हेट’ हा शब्द नसतो. त्यामुळे सभासद धरून चालतात की ही पब्लिक लिमिटेड आहे, उद्या तिचे शेअर बाजारात येतील आणि भाव चढेल. आता अशा कंपनीच्या क्रमांकाचा सांगाडा पाहा. तारकांच्या आणि शून्यांच्या जागी खरे आकडे असतात, हा क्रमांक कोणत्याही खऱ्या कंपनीचा नाही:

```
U01***PN2021PTC000000
```

U, म्हणजे शेअर बाजारात नाही. 01, म्हणजे शेती आणि पशुपालनाचा विभाग. PN, पुणे. २०२१ सालची. आणि मग PTC, जी अक्षरं प्रायव्हेट कंपनीची असतात. नावात नसलेला ‘प्रायव्हेट’ क्रमांकात आहे, आणि ही छपाईची चूक नव्हे. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कायद्यात आली. पुढे २०२० च्या दुरुस्तीने ती २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ म्हणून बसवली गेली. कायदा म्हणतो की ही कंपनी प्रायव्हेट कंपनी असल्यासारखी धरायची, पण सभासदसंख्येची मर्यादा तिला लागू नाही. साध्या प्रायव्हेट कंपनीत दोनशेपेक्षा जास्त सभासद चालत नाहीत. उत्पादक कंपनीत मात्र दहा शेतकऱ्यांनी सुरुवात करून हजार सभासद झाले तरी अक्षरं PTC च राहतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की या कंपनीचे भाग बाजारात विकता येत नाहीत. ते द्यायचे तर संचालक मंडळाच्या संमतीने आणि दुसऱ्या सक्रिय सभासदालाच द्यावे लागतात. पाचशे रुपयांच्या भागाचे उद्या पाच हजार होतील असं सांगत कोणी फिरत असेल, तर त्याला प्रमाणपत्रावरची ही तीन अक्षरं दाखवावीत. सहकारी सोसायटीशीही तिची गल्लत होते. सोसायटीची नोंद सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते, तिला सीआयएन नसतोच. कोणी सोसायटीच्या कागदावर एकवीस अक्षरी क्रमांक दाखवला किंवा कंपनीच्या कागदावर तालुक्याच्या सहायक निबंधकाचा शिक्का दाखवला, तर दोन वेगळे कायदे एका कागदावर आले आहेत, हे ओळखावं.

इतर वर्ग कमी भेटतात. OPC म्हणजे एकाच सभासदाची कंपनी, NPL म्हणजे नफ्यासाठी नसलेली, GOI आणि SGC म्हणजे अनुक्रमे केंद्र आणि राज्य सरकारची. एलएलपीचं निगमन प्रमाणपत्र दिसायला असंच असतं, पण तिचा क्रमांक लहान आणि वेगळ्या घडणीचा. त्यात वर्ष आणि राज्य शोधत बसू नये.

वर्ग आणि प्रकार यांत गोंधळ होतो, तो दूर करून पुढे जाऊ. प्रायव्हेट, पब्लिक, एकल हे वर्ग, आणि ते क्रमांकातल्या तीन अक्षरांत दिसतात. प्रकार मुख्य वाक्यात असतो: भागांनी मर्यादित, हमीने मर्यादित, की अमर्याद. भागांनी मर्यादित म्हणजे भागाची पूर्ण रक्कम भरलेल्या सभासदाकडून कंपनीच्या कर्जापोटी आणखी काही मागता येत नाही. म्हणजेच ज्याने कंपनीला माल उधार दिला, त्याची वसुली कंपनीच्या मालमत्तेपुरतीच. संचालकाचा बंगला कितीही मोठा असला तरी तो त्यात येत नाही, त्याने वेगळी हमी लिहून दिली असेल तरच येतो. भाताचा ट्रक उधारीवर सोडण्याआधी हे एक वाक्य वाचलेलं बरं.

आता तो छोट्या अक्षरांतला खुलासा. अर्जदाराने दिलेल्या कागदपत्रांच्या आणि घोषणांच्या आधारे कंपनी निगमित झाली, इतकाच या प्रमाणपत्राचा पुरावा. हा धंद्याचा परवाना नव्हे, आणि लोकांकडून ठेवी किंवा पैसे गोळा करण्याची परवानगीही नव्हे, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. गंमत अशी की ठेवी गोळा करणारे हाच कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात, आणि त्यांच्या विरोधातला मजकूर त्याच फ्रेममध्ये असतो. १९५६ च्या कायद्यात कलम ३५ निगमन प्रमाणपत्राला निर्णायक पुरावा मानत असे. २०१३ च्या कायद्याने ते शब्द गाळले, आणि खोट्या माहितीवर निगमन झालं असेल तर न्यायाधिकरणाला हात घालण्याची सोय ठेवली. म्हणून जुन्या वकिलांच्या तोंडचं ‘सर्टिफिकेट आहे म्हणजे विषय संपला’ हे वाक्य आजच्या कागदाला जसंच्या तसं लावू नये.

पत्त्याबद्दलही थोडं. सातबाऱ्यावर फेरफाराने नवी नोंद चढते, तशी या प्रमाणपत्रावर चढत नाही. ते निघालं त्या दिवशीचं बोलतं. कंपनीची कचेरी त्याच निबंधकाच्या हद्दीत हलली तर वेगळा अर्ज दाखल होतो, पण हे पान तसंच राहतं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर वेल्हे राहणार आणि नंतरच्या कागदांवर राजगड येऊ शकतं, तेव्हा नुसत्या तालुक्याच्या नावावरून दोन कंपन्या वेगळ्या मानू नयेत.

ताजी स्थिती हवी तर www.mca.gov.in वर `View Company/LLP Master Data` या ठिकाणी सीआयएन टाकायचा. तिथे नाव, निगमनाची तारीख, वर्ग, प्रकार, कचेरीचा पत्ता आणि कंपनीची सद्यस्थिती दिसते. `Active` असेल तर नोंद चालू आहे. `Strike Off` असेल तर निबंधकाने नाव वहीतून काढलं आहे, मग हातातलं प्रमाणपत्र कितीही अस्सल असो. २ नोव्हेंबर २०१८ नंतर निगमित झालेल्या भागभांडवलाच्या कंपनीने १८० दिवसांत धंदा सुरू करण्याची घोषणा दाखल करायची असते, आणि ती नाही केली तरी नाव काढलं जाण्याची वेळ येऊ शकते. प्रमाणपत्र अस्सल आणि कंपनी वहीबाहेर, ही जोडी वाटते तितकी दुर्मीळ नाही.

राहिले जुने कागद. सीआयएन येण्याआधीच्या महाराष्ट्रातल्या प्रमाणपत्रांवर ‘११-’ असं लिहून पुढे नोंदणी क्रमांक आणि साल टंकलेलं सापडतं. त्यातला ११ हा महाराष्ट्राचा संकेतांक, आणि पुढचे आकडे आजच्या सीआयएनच्या शेवटी डावीकडे शून्यं भरून येतात. किर्लोस्कर ब्रदर्सच्या `L29113PN1920PLC000670` मध्ये १९२० सालचा ६७० हा क्रमांक असा तीन शून्यांमागे बसला आहे.

भोरमध्ये याहून जुना एक थर आहे. ८ मार्च १९४८ ला विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, आणि तिथे निघालेली कंपनी ब्रिटिश हिंदुस्थानाच्या दृष्टीने परमुलखातली होती. भोर इंडस्ट्रीज हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना १९८९ च्या अबकारी खटल्यामुळे ठाऊक असतं. पीव्हीसीची कच्ची फिल्म बाजारात विकण्याजोगा माल ठरते का, हा त्यातला प्रश्न होता. पण त्याच कंपनीचा १९६१ चा प्राप्तिकराचा खटलाही सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि त्याची मुळं संस्थानी काळात व विलीनीकरणात होती. घराच्या माळ्यावर १९४८ पूर्वीचं भोरचं भागपत्र सापडलं, तर त्यावर सीआयएन शोधू नये. कंपनीचं पूर्ण नाव आणि साल उतरवून घ्यावं आणि त्या नावाची आज नोंद आहे का ते पाहावं. नाव जुळलं तर निगमनाचं वर्षही जुळतं का ते तपासावं. दोन्हींपैकी एक जरी जुळलं नाही, तर मधल्या काळात नाव बदललं असण्याची शक्यता धरून पुण्याच्या निबंधक कार्यालयात त्या कंपनीच्या जुन्या फायलीची पाहणी मागावी.